‘भारत’ नावाचा टॉवर कुठे असतो?

मंडळी, गेल्या रविवारी सकाळी दोन तास मी एका फोनच्या आत दुसरा फोन बघत बसले होते. म्हणजे झालं असं, की माझी नात मुक्ता बँकॉकहून व्हिडिओ कॉलवर होती, आणि तिने तिचा दुसरा फोन कॅमेऱ्यासमोर धरला होता. त्या फोनवर तिथल्या मोबाईल कंपनीचं ॲप उघडलेलं होतं. ती एकेक पडदा सरकवत होती, आणि मी वहीत लिहून घेत होते. दिवाळीला ती येते आहे. आल्यावर तिला मणिबेलीला जायचं आहे.

हे मी घरच्या ग्रुपवर सांगितलं, तर आमचे पुण्याचे भाचे लगेच उत्तरले, “मावशी, रोमिंग पॅक घ्यायला दोन मिनिटं लागतात. तुम्ही दोघी त्यावर प्रबंध का लिहिताय? ॲप सोपं असतं. तुमच्या पिढीला उगाच भीती वाटते.”

त्याला तिथे उत्तर दिलं नाही. ग्रुपवर भांडण शोभत नाही. इथे शोभतं, ब्लॉग माझा आहे.

आधी मणिबेलीविषयी, कारण आमच्या नात्यातल्याही निम्म्या लोकांना ते कुठे आहे हे ठाऊक नाही. नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका, नर्मदेचा काठ. पलीकडे गुजरात. निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रात ‘राज्यातलं पहिलं मतदान केंद्र’ म्हणून ज्या गावाचा फोटो येतो, तेच हे. मतदारसंघ क्रमांक एक, केंद्र क्रमांक एक. बाकी यादीत पहिलं येण्याचा मान या गावाला एकदाच मिळाला, तोही बुडणाऱ्यांच्या यादीत. १९९३ सालच्या पावसाळ्यात सरदार सरोवराचं पाणी महाराष्ट्रातल्या गावांत प्रथम शिरलं ते इथे. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं. बरीच घरं गुजरातेत परवेट्याला वसवली गेली, काही माणसं मात्र हलली नाहीत, डोंगरावर सरकत सरकत राहिली. माझी सगळी नोकरी अक्कलकुव्याला झाली. तिकडची मुलं आमच्याकडे वसतिगृहात राहून शिकायची. त्यातला एक आता तिथे होडी चालवतो आणि अजून मला “बाई” म्हणून फोन करतो. त्याच्याकडे जायचं आहे.

आता २०२३ च्या दिवाळीची गोष्ट. तीच सांगितली की भाच्याला अर्धं उत्तर मिळेल.

त्या वर्षी माझी थोरली (म्हणजे मुक्ताची आई) एकटीच आली होती. तिने गुरुवारी रात्री बँकॉकच्या घरी सोफ्यावर बसून दहा दिवसांचा पॅक घेतला. पडद्यावर तिरंगा, खाली ‘भारत, १० दिवस’, खाली किंमत. विमान शनिवारी होतं. दहा दिवस भारतात पाऊल ठेवल्यापासून मोजतात असं तिने धरून चाललं. कोणीही तेच धरलं असतं. पण या कंपनीचे दहा दिवस पैसे भरल्याच्या क्षणापासून सुरू होत होते. ते लिहिलेलं होतं, नाही असं नाही. तीन पडदे खाली, अटींच्या गठ्ठ्यात, थाई लिपीत. ॲपची भाषा इंग्रजी करून ठेवली तरी अटी थाईतच राहतात, ही आणखी एक खुबी. तेव्हा दोन दिवस बँकॉकमध्येच, घरच्या वायफायवर, जळून गेले.

मुंबईत फोन चालला, नंदुरबारला चालला, अक्कलकुव्यालाही चालला. मोलगीच्या पुढे डोंगरात गेला. तो जाणारच होता, त्याचं काही नाही. मणिबेलीला पोचल्यावर होडीवाल्याने आम्हांला टेकडीवरच्या एका खडकाशी नेलं. तिथे माझ्या फोनवर दोन दांड्या उमटल्या. थोरलीच्या फोनवर एकही नाही. तोच खडक, तीच वेळ, फोन तिचा माझ्याहून चौपट महाग.

नेमकी त्या दिवशी मुक्ताच्या विद्यापीठाची फी भरायची शेवटची तारीख होती. खातं थाई बँकेत, बँकेचा ओटीपी थाई नंबरवर. थोरलीने घरी अक्षरशः विनवण्या केल्या, जावयांनी तिकडून दोनतीनदा प्रयत्न करून पाहिला, पण ओटीपी यायचा तो खडकावर येईना. जावयांना वाटलं बॅलन्स संपला असेल, म्हणून त्यांनी तिकडून तीनशे बाटचा टॉप-अप मारला. दुसऱ्या दिवशी सोडून तिसऱ्या दिवशी आम्ही अक्कलकुव्याला परतलो, तेव्हा फोन टिंगटिंग वाजायला लागला. सहा ओटीपी एकामागून एक. सगळे शिळे. तोवर दहा दिवसांचा पॅकही संपला होता, पण फोनला ते कोण सांगणार? त्याने गेल्या चार दिवसांचे नदीचे फोटो वर चढवायला घेतले, आणि जावयांचे तीनशे बाट चहा गार व्हायच्या आत संपले. बाट म्हणजे अडीच-तीन रुपये धरा. फीला दंड लागला तो वेगळा.

भाच्या, यात थोरलीची चूक कोणती? ती हिशेबनीस आहे. पडदे वाचता येत नाहीत अशातली नाही. मी म्हणते ते हे, की ते तीन पडदे एकमेकांशी बोलत नाहीत, आणि बोलू नयेत अशीच त्यांची मांडणी असते.

रविवारी आम्ही तेच तीन पडदे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. पहिला टॉप-अपचा, दुसरा डेटा पॅकचा, तिसरा रोमिंगचा. तिन्हीवर ‘दिवस’ हा एकच शब्द आहे. मी चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं. एका शब्दाचे तीन अर्थ असायला माझी हरकत नाही, भाषेत ते चालतंच. पण वाक्यावरून अर्थ कळला पाहिजे. इथे वाक्यच नाही, नुसता शब्द आणि त्याच्यापुढे आकडा.

टॉप-अपला थाई भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ पैसे घालणे. पैशाला ते ‘ङन’सारखं काहीतरी म्हणतात, मूळ अर्थ चांदी. (ङ ने सुरू होणारा शब्द मराठीत सापडत नाही म्हणून पाटीवर नुसता ङ काढून पुढे जायचे आम्ही. तो शब्द तिकडे रोजच्या बाजारात निघाला.) या पडद्यावरचे ‘३० दिवस’ म्हणजे नंबर जिवंत राहण्याचे दिवस. पैसे घातले की नंबरचं आयुष्य वाढतं. त्यात नेट नाही. घातलेले पैसे मुख्य खात्यात पडून राहतात, आणि पॅक नसेल तेव्हा फोन त्यातूनच खातो, परदेशात तर महागड्या सुट्या दराने खातो. म्हणजे टॉप-अप हे नेट परत आणण्याचं औषध नाही. पॅक संपलेल्या फोनमध्ये टॉप-अप मारणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. जावई इंजिनियर आहेत, त्यांनाही तो पडदा हे सांगत नाही.

दुसरा पडदा डेटा पॅकचा. इथले ‘३० दिवस’ म्हणजे थायलंडच्या हद्दीतले दिवस. तिथे ठळक अक्षरांत ‘अमर्याद’ लिहिलेलं असतं. सुवर्णभूमी विमानतळावरून विमान सुटलं की हे अमर्याद संपतं. मुक्ताकडे असा महिन्याचा पॅक चालूच आहे. ती मला म्हणाली, “आजी, माझ्याकडे आहे की अनलिमिटेड, मग रोमिंगचं वेगळं कशाला?” वीस वर्षांची, तिथे जन्मल्यासारखी वाढलेली, दिवसभर हातात फोन. तिचाही समज तोच. तेव्हा पिढीचा प्रश्न नाही, भाच्या.

तिसरा पडदा रोमिंगचा. इथले दिवस कंपनीकंपनीत आणि पॅकपॅकमध्ये बदलतात. काही पॅकचे दिवस घेतल्यापासून, काहींचे परदेशात पहिल्यांदा नेट जोडलं गेल्यापासून. काहींचा दिवस म्हणजे चोवीस तास, काहींचा म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र. आणि मध्यरात्र कुणाची? थायलंडची. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, म्हणजे त्यांचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेदहा. रोजच्या हिशेबाचा पॅक घेऊन रात्री सव्वादहाला मुंबईत उतरलेल्या माणसाचा पहिला दिवस पंधरा मिनिटांत संपतो. विमानातून उतरून पासपोर्टच्या रांगेत उभं राहीपर्यंत दिवस खलास!

मुक्ताचा मुक्काम तेरा दिवसांचा आहे. पडद्यावर दहा दिवसांचा पॅक ३९९ बाटला, सहा जीबी, आणि एका दिवसाचा ९९ बाटला, एक जीबी. तुम्हीच मांडा गणित. दहा दिवसांचे दोन घेतले तर ७९८. एक मोठा आणि तीन सुटे घेतले तर ३९९ अधिक २९७, म्हणजे ६९६. शंभर बाट वाचले म्हणून आम्ही खूश झालो. पण सुटे तीन केव्हा घ्यायचे? आधीच घेऊन ठेवले तर मोठ्याच्या बरोबरीने तेही धावू लागतात, एकामागे एक नाही. म्हणजे ते अकराव्या दिवशीच घ्यायला हवेत. अकराव्या दिवशी ती मणिबेलीत असणार. तिथे नेट नसेल तर नेटचा पॅक कसा घेणार? हा प्रश्न मी पाचवीच्या मुलांना घातला असता तर एखादं पोर म्हणालं असतं, “बाई, विहिरीत पडल्यावर दोर आणायला घरी जायचं?”

‘सहा जीबी’ संपल्यावर काय होतं, त्याचंही सांगते, कारण ‘अमर्याद’ हा शब्द तिथे पुन्हा भेटतो. संपल्यावर नेट बंद होत नाही, वेग १२८ केबीपीएसवर येतो. हा आकडा पाहून माणसाला वाटतं, बरंच आहे की. आठाने भागा. सेकंदाला सोळा किलोबाइट. हल्लीच्या फोनचा एक साधा फोटो दोन एमबीचा धरला तर तो पाठवायला दोन मिनिटं पाच सेकंद लागतील, तेही नेट एकदाही न अडखळता. आमच्याकडे टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं तेव्हाचा मोडेम ५६ चा होता. तेव्हाच्या दुप्पट वेग, आणि आजची ॲप. लिहिलेला निरोप जाईल, नकाशा उघडणार नाही, व्हिडिओ कॉल तर विसराच. अमर्याद आहे खरं, बैलगाडीही अमर्याद अंतर जाऊ शकते.

पण माझं मुख्य भांडण याच्याशी नाही. दिवस-तास माणूस वही घेऊन बसला तर सोडवू शकतो. माझं भांडण त्या तिरंग्याशी आहे.

रोमिंगच्या पडद्यावर देशांची यादी असते आणि प्रत्येक देशापुढे झेंडा. तुम्ही ‘भारत’ निवडता, पैसे भरता, आणि तुमची समजूत होते की भारत विकत मिळाला. पण फोन देशाला जोडला जात नाही, टॉवरला जोडला जातो. टॉवर कुठल्या तरी कंपनीचा असतो. थाई कंपनीने भारतातल्या ज्या कंपन्यांशी करार केला असेल त्यांच्याच टॉवरवर थाई सिम चालतं. तुमच्या डोक्यावर दुसऱ्या कंपनीचा टॉवर दिमाखात उभा असला तरी तो तुमच्यासाठी नुसता लोखंडाचा खांब. मुंबई-पुण्याला हे कळत नाही, कारण तिथे सगळ्यांचेच टॉवर आहेत. कळतं ते आमच्याकडे, जिथे मैलोगणती एकाच कुणाचा तरी टॉवर पोचतो.

बरं, आमच्याकडच्या डोंगरांत तो एकटा टॉवर बहुधा कुणाचा येतो? जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने जिथे फोर-जी पोचलेलं नाही अशा २४,६८० गावांसाठी योजना मंजूर केली, २६,३१६ कोटींची. ते काम दिलं बीएसएनएलला, कारण खाजगी कंपन्यांना अशा गावांत धंदा दिसत नाही. ठीक आहे, कुणीतरी गेलं. पण मग रोमिंगच्या पॅकमध्ये ज्यांचं नाव नाही, नेमके तेच लोक दुर्गम गावात, आणि ज्यांचं नाव आहे ते शहरात, असं होऊ शकतं. तिरंगा मात्र दोन्हीकडे तोच!

आणखी एक गोम आहे. जिओच्या टॉवरवर जुनं टू-जी, थ्री-जी नाहीच, सुरुवातीपासून सगळं फोर-जी. तिथे साधा कॉलसुद्धा नेटच्या वाटेने जातो. म्हणून परदेशी सिमला तिथे नेट मिळालं तरी कॉल मिळेलच असं नाही, त्यासाठी दोन कंपन्यांत वेगळा करार लागतो. म्हणजे ‘भागीदार’ हा शब्दही पुरेसा नाही. भागीदार कशाचा, नेटचा की बोलण्याचा, हे विचारावं लागतं.

मग २०२३ मध्ये त्या खडकावर काय झालं होतं ते कसं ओळखायचं? हे मला पुढे अक्कलकुव्याच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या पोराने शिकवलं, आणि तुम्हांला कुठेही उपयोगी पडेल म्हणून लिहिते. फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क आपोआप निवडण्याची खूण काढायची आणि हाताने शोधायला सांगायचं. दोनतीन मिनिटं लागतात. मग यादी येते. यादीत एकही नाव आलं नाही, तर त्या जागी टॉवरच पोचत नाही, कंपनीला दोष देऊ नका, टेकडी बदला. पण नाव आलं, ते निवडलं, आणि फोनने नोंदणी नाकारली, तर टॉवर आहे पण तुमच्या कंपनीचा त्याच्याशी करार नाही. कितीही टॉप-अप मारा, तो उघडणार नाही. माझा फोन दोन दांड्या दाखवत होता म्हणजे टॉवर पोचत होता. थोरलीला तो नाकारत होता. तेव्हा हे ठाऊक असतं तर जावयांचे तीनशे बाट वाचले असते.

आता ही भागीदार कंपन्यांची नावं त्या ॲपमध्ये कुठे आहेत? रविवारी मुक्ताने शोधली. पॅकच्या पडद्यावर नाहीत. पैसे भरायच्या पडद्यावर नाहीत. शेवटी कंपनीच्या संकेतस्थळावर रोमिंगच्या पानात, देश निवडल्यावर, एका घडी घातलेल्या तक्त्यात सापडली. बत्तीस मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं. किंमत मात्र पहिल्या पडद्यावर, फळ्यावरच्या सुविचाराएवढ्या अक्षरांत.

तुम्ही म्हणाल, कंपनी बदला. तिथेही फारसं हातात नाही. १ मार्च २०२३ ला ट्रू आणि डीटॅक या दोन थाई कंपन्या एक झाल्या, तेव्हापासून बाजारात मोठ्या दोनच उरल्या, एक ती आणि दुसरी एआयएस. मुक्ताची कोणती ते सांगत नाही, कारण माझं भांडण नावाशी नाही. आणि आपल्याकडचे काही संत आहेत असंही नाही. महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो हा शोध आपल्याच कंपन्यांनी लावला, म्हणजे वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज. शेवटी २०२२ मध्ये ट्रायला सांगावं लागलं की निदान एक तरी पॅक तीस दिवसांचा ठेवा.

भाच्याचा दुसरा सल्ला आला आहे, “मग इंडियाचं सिम टाका ना सरळ.” हा सल्ला बरा आहे, हे कबूल करते. पण अर्धाच आहे. मुक्ताचा एक भारतातला नंबर होता. तीन महिने कुणी वापरला नाही आणि त्यात वीस रुपयेही नव्हते, म्हणून तो गेला. नव्वद दिवस नुसता पडून राहिलेला प्रीपेड नंबर आपल्याकडे बंद करता येतो. वीस रुपये शिल्लक असते तर ते कापून आणखी तीस दिवस मिळाले असते. वीस रुपयांसाठी नंबर गेला, आणि तो दुसऱ्याच कुणाला तरी मिळालाही असेल. नवीन घ्यायला लागेल, तिच्या आधारवर, तिच्याच नावाने. ते घेऊ. पण त्याने ओटीपीचा प्रश्न सुटत नाही, कारण बँकेला तिचा थाई नंबरच ओळखीचा आहे. तो नंबर भारतात जिवंत राहायला हवा, नेटसाठी नव्हे, फक्त एसएमएससाठी.

आणि इथे ॲपची खरी लबाडी कळते. त्यासाठी पॅक लागतच नाही. रोमिंगची सेवा चालू असणं आणि रोमिंगचा पॅक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेवा चालू करायला त्या कंपनीत पैसे पडत नाहीत, येणारा एसएमएस रोमिंगमध्ये फुकट आहे, आणि नंबर जिवंत ठेवायला एक छोटासा टॉप-अप पुरतो. पण सेवेचं बटण सेटिंगमध्ये तळाशी, राखाडी रंगात, आणि पॅकचं बटण पहिल्या पडद्यावर, लाल रंगात. फुकटची गोष्ट मोरीत आणि विकतची ओसरीवर. शिवाय सेवा चालू करण्याचा खात्रीचा एसएमएस येतो, म्हणून ते काम निघण्याआधी थायलंडमध्येच करायला हवं. इथे उतरल्यावर आठवलं तर नंबर कुठल्याच टॉवरवर चढत नाही, मग एसएमएस येणार कुठून?

तेव्हा मुक्ताचं ठरलं ते असं. थाई सिमवर सेवा चालू, पॅक नाही. त्यात पन्नास बाट, जास्त नाहीत, म्हणजे चुकून गेलेच तर पन्नासच जातील. फोनमध्ये त्या सिमचं ‘डेटा रोमिंग’ बंद, आणि फोटो आपोआप वर चढवणंही बंद. त्या नंबरवर कुणी फोन केला तर उचलायचा नाही, कारण परदेशात येणाऱ्या कॉललाही मिनिटावर पैसे पडतात. नेटसाठी दुसऱ्या खाचेत भारतातलं सिम. आणि ज्या दिवशी बँकेचं काम असेल त्या दिवशी मणिबेलीला जायचंच नाही, ते अक्कलकुव्यात उरकून मग होडीत बसायचं. हा शेवटचा भाग कुठल्याच ॲपमध्ये मिळणार नव्हता.

भारतातलं सिम कोणत्या कंपनीचं घ्यायचं एवढंच राहिलं होतं. मुक्ता म्हणाली, “आजी, कव्हरेजचा नकाशा बघू.” पाहिला. सगळ्यांच्या नकाशात नर्मदेचा काठ झकास रंगलेला. एकाने तर जलाशयाच्या मधोमध रंग भरला आहे, माशांसाठी असेल. मी नकाशा मिटवला आणि माझ्या विद्यार्थ्याला फोन लावला. तीनदा लागला नाही. संध्याकाळी त्याचाच आला, पाठीमागे वारा घोंघावत होता. त्याला विचारलं, तुझ्याकडे हल्ली कुणाचं सिम चालतं रे?

“बाई, दोन ठेवलीयेत मी,” तो म्हणाला. “एक घराच्या अंगाला लागतं, एक धरणाकडच्या अंगाला. पोरीला सांगा, कुठलं पण आणू दे, मी माझ्याकडचं दुसरं देतो बोलायला. आणि खडकावर नका नेऊ तिला, तिथं आता नाही लागत. त्याच्या वर चढायचं, सागाची दोन झाडं आहेत ना, त्यांच्या मधे उभं राहायचं. बसलं की जातं.”

वहीत लिहून घेतलं आहे. उभं राहायचं, बसायचं नाही.